काठाचा रंग

आमच्या आजीची एक चिठ्ठी गेल्या वैशाखात माझ्या हाती आली. माळ्यावरची जुनी ट्रंक उपसताना हिरवे इरकली लुगडे निघाले, आणि त्याच्या घडीत कॅलेंडरच्या पानाचा चौकोनी तुकडा सापडला. पानाच्या एका बाजूला फेब्रुवारी १९५८च्या तारखा होत्या आणि दुसऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेला मजकूर. अक्षर आजीचे होते. चिठ्ठी शिंप्याला लिहिलेली होती. ती गेली कशी आणि परत कशी आली, हे पुढे सांगेनच. आधी चिठ्ठीच वाचावी.

"शिंपीमामांस नमस्कार वि. वि. मुलाबरोबर मापाचे जुने पोलके पाठविले आहे. कापड तुमच्याकडचेच घालावे, वारभर पुरेल. रंग माझ्या लुगड्याच्या काठाशी मिळता पाहिजे. लुगडे पाठवीत नाही, एकुलते एक आहे. काठ तांबडा आहे, पण कुंकवाचा तांबडा नव्हे. डाळिंबी म्हणाल तर डाळिंबी त्याहून उजळ. लग्नघरात ज्याचे नाव घेत नाहीत, त्या रंगाच्या जवळचा आहे, पण तोच नव्हे. आत किंचित हिरवी झाक आहे. कापड सकाळी दारात नेऊन पाहावे, कंदिलाजवळ पाहू नये. लेकीच्या लग्नात हेच घालावयाचे आहे, म्हणून इतके लिहिले. पारावरच्या मास्तरांच्या घरची."

चिठ्ठी वाचून मला प्रथम हसू आले. एका पोलक्यासाठी केवढा हा खटाटोप! पण दुसऱ्यांदा वाचताना ते मावळले. मी स्वतः कथा-कादंबऱ्या लिहिते. माझ्या नायिका डाळिंबी लुगडे नेसतात, मोरपंखी शालू नेसतात, आणि तो रंग नेमका कोणता हे मला आजवर कुणी विचारले नाही. आजीला मात्र एका माणसाने त्या शब्दांवरून खरोखरच कापड निवडायला हवे होते. शब्दांनी रंग पोहोचवण्याचे काम किती कठीण आहे, हे तिला माझ्यापेक्षा अधिक कळलेले दिसले.

चिठ्ठी घेऊन जाणारा मुलगा म्हणजे माझा थोरला मामा. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आता तो पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे आणि त्याला सारे लख्ख आठवते. मी चिठ्ठी दाखवताच तो म्हणाला, "अगं, या चिठ्ठीनं घरात दोन दिवस चूल धड पेटली नव्हती!"

घडले ते असे. मामा दुपारच्या मोटारीने तालुक्याच्या गावी गेला. शिंप्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि शेजारच्या कापडवाल्यालाही वाचून दाखवली. लग्नघरात ज्याचे नाव घेत नाहीत असा रंग कोणता, यावर दोघांचा विचार झाला आणि तो काळाच असला पाहिजे असे ठरले. मग तांबडा, पण काळ्याच्या जवळचा, असे कापड शोधणे सुरू झाले. तोवर दिवेलागण झाली होती. कंदिलाच्या उजेडात एक गडद कापड दोघांनाही पसंत पडले. शिंप्याने चिठ्ठी मामाच्या खिशात परत घातली, रात्रीतून पोलके शिवले आणि सकाळच्या मोटारीने मामाला रवाना केले. घरी अंगणात पुडके सोडले, तेव्हा आत वांग्याच्या सालीसारखे काळसर जांभळे पोलके होते.

शिंप्याने आळस केला नव्हता, की फसवलेही नव्हते. चिठ्ठीही निष्काळजीपणे लिहिलेली नव्हती. मग चूक कुठे झाली? तिचा माग काढता काढता मी आजीच्या एकेका वाक्यामागून बरीच दूर गेले. त्या प्रवासाचीच ही हकीकत आहे.

पहिली गोष्ट अशी की हा प्रश्नच आजीच्या पिढीचा होता. तिच्या आईला तो पडला नसता. तिची आई खणाची चोळी घालीत असे. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण त्रिकोणी घडीत विकत येई, त्याला स्वतःचे काठ असत, आणि ते काठ दंडावर येतील अशी चोळी बेतली जाई. हिरव्या लुगड्यावर तांबडा खण असे किंवा काळ्या चंद्रकळेवर अंजिरी. चोळी लुगड्याहून वेगळी उठून दिसावी, हीच त्यातली हौस. पुढे गिरणीच्या एकरंगी कापडाचे पोलके आले. त्याला ना नक्षी, ना काठ. तेव्हा त्याचा लुगड्याशी काहीतरी संबंध दिसावा म्हणून बायका काठाकडे पाहू लागल्या. आज आपण ज्याला मॅचिंग म्हणतो, त्याचे मूळ हे एवढेच आहे. चोळीतली नक्षी गेली आणि तिची भरपाई रंग जुळवून करावी लागली.

आता आजीचे शब्द पाहू. "कुंकवाचा तांबडा नव्हे," असे ती म्हणते. आपल्याकडे रंगाची नावे वस्तूंवरून पडली आहेत, आणि वस्तू ओळखीची असेतो ते नाव पक्के असते. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचे असे. हळदीला खार लागला की ती तांबडी होते. हळदीचा डाग साबणाने धुताना तांबडा होतो, हे कोणत्याही गृहिणीने पाहिलेले असते, त्यातलेच तत्त्व. म्हणून कुंकवाच्या तांबड्याच्या पोटात पिवळा असतो आणि तो उजेडात नारिंगीकडे झुकतो. आजीच्या काठात पिवळ्याचा अंश नव्हता. दोन शब्दांत तिने तांबड्यांचा एक अख्खा भाग वगळून टाकला.

डाळिंबीची गोष्ट गमतीची आहे. तुमच्या-माझ्या बोलण्यात डाळिंबी म्हणजे दाण्याचा रंग. पण रंगाऱ्याच्या हाती डाळिंब येते ते सालीच्या रूपाने, आणि साल उकळून तुरटी लावलेले सूत त्यात घातले तर ते पिवळट निघते. हिराकशीची जोड दिली तर करडे होते. म्हणजे एकाच डाळिंबाचा रंग बाईच्या तोंडी तांबडा आणि रंगाऱ्याच्या मडक्यात पिवळा! शब्द एकच, पण ज्याचा हात ज्या वस्तूला लागतो, तीच त्याला त्या शब्दात दिसते. शिंपी दाण्यांचाच विचार करील हे आजीला ठाऊक असावे. दाणा मात्र काठाहून उजळ होता.

उरला तो नाव न घेण्याचा रंग. मामा म्हणाला, "शिंप्याला काळा वाटला. मलाही तेव्हा काळाच वाटला होता. आईनं पोलकं हातात घेतलं आणि एवढंच म्हणाली, काळा कुठं म्हटलं होतं मी? मग कोणता, म्हणून विचारलं, तर बोलली नाही. लग्न होऊन आक्का सासरी गेल्यावर मग एकदा सांगितलं. आलवण, म्हणाली."

हा शब्द आजच्या मुलींना माहीत नसेल, आणि माहीत नाही हे चांगलेच आहे. त्या काळी काही जातींत विधवेचे केशवपन करीत आणि तिला एकरंगी तांबडे, जाडेभरडे लुगडे नेसायला देत. ते आलवण. आजीच्या माहेरी तिची एक आत्या होती. तिचे सारे आयुष्य माजघर आणि परसू यांच्यामध्ये, त्या एका रंगात गेले. आजीने तो रंग लहानपणी रोज पाहिला होता. आपल्या लुगड्याचा काठ त्याच्या अगदी जवळचा आहे हे तिच्या डोळ्यांनी ओळखले, पण लेकीच्या लग्नाच्या चिठ्ठीत तो शब्द लिहायला तिचा हात धजला नाही. तिच्याजवळचा सर्वांत नेमका शब्द असा चिठ्ठीबाहेर राहिला. उरलेल्या शब्दांनी त्याच्याभोवती नुसती प्रदक्षिणा घातली.

आलवण हे नाव आलीवरून आले आहे. आल म्हणजे एक झाड. त्याच्या मुळांच्या सालीत तांबडा रंग असतो. खानदेशात, वऱ्हाडात, माळव्यात काळ्या जमिनीत आलीची शेती होत असे. हे पीक घाईचे नव्हे. रोपे लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुळे खणून काढायची, तीही खोल गेलेली असल्यामुळे माणसांचा घाम निघे. बारीक मुळांत रंग भरपूर, म्हणून त्यांना भाव अधिक. जाड मुळांत लाकूडच फार, म्हणून त्यांना कमी. मुळे तोडून, कुटून पाण्यात उकळायची. पण नुसत्या त्या पाण्यात सूत बुडवले तर रंग धरत नाही. सुताला आधी तेल आणि खार यांची पुटे द्यावी लागत, हिरडा लावावा लागे, तुरटीत भिजवावे लागे, आणि मग आलीच्या पाण्यात ते संथपणे तापवावे लागे. तुरटीने तांबडा येई आणि लोखंडाचा अंश लागला तर तो तपकिरी-काळपट होई. एवढ्या खटपटीतून निघणारा तांबडा भडक नसे. तो थोडा मातकट आणि खोल असे, पण धुण्याला आणि उन्हाला चांगला टिके. गरिबाच्या जाड्याभरड्या कापडाला हा रंग लाभला, तो या टिकाऊपणामुळेच.

त्या काळी दुसरा एक तांबडा होता, तो कुसुंब्याचा. करडईच्या फुलांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढायचा, मग ती फुले खाराच्या पाण्यात मळायची आणि शेवटी लिंबाचा आंबटपणा घातला की गुलाबी-तांबडा रंग कापडावर उतरतो. दिसायला अतिशय सुंदर, पण उन्हात विटतो आणि धुण्यात जातो. कुसुंबी हा सणासमारंभाचा रंग झाला आणि आलीचा तांबडा रोजच्या राबण्याचा. रंगाचे शुभाशुभ मी लहानपणी आकाशातून पडलेले समजत होते. त्याचा थोडा भाग तरी रंगाऱ्याच्या मडक्यातून आलेला दिसतो.

आता यातली खरी मौज पाहा. १९५८ साली आजीच्या काठात आल नव्हतीच. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या मुळातला तांबडा रंग डांबरापासून काढलेल्या द्रव्यातून तयार केला, आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच त्याचा व्यापार सुरू झाला. त्याला ॲलिझरिन म्हणतात. युरोपातली मंजिष्ठेची शेती त्याने बसवली आणि आपल्याकडची आलीचीही. तीन वर्षे वाट पाहून खणायच्या मुळांपुढे डब्यातून येणारी ती पूड स्वस्त होती आणि रंग प्रत्येक वेळी सारखा येई. पाहता पाहता आलीची शेते मोडली. झाड उरले, शब्द उरला, आलवणही काही काळ उरले, पण नव्या आलवणात आल असेच असे राहिले नाही.

आमच्या लुगड्याची मी परीक्षा केली. आतल्या टोकाच्या काठाचे दोन सुटे धागे काढून एक पेटवला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. हा धागा कागदासारखा भुरकन जळला, म्हणजे कृत्रिम रेशीम. त्यावर आलीचा रंग असण्याचा प्रश्नच नव्हता. तो कारखान्यातलाच असणार. आजीने कारखान्याच्या रंगाला आपल्या आत्याच्या लुगड्याच्या रंगाचे नाव दिले होते, आणि तेही मनातल्या मनात. शिंप्याला पिढीमागचे ते आलवण दिसावे कसे?

चिठ्ठीतले पुढचे वाक्य मला बरेच दिवस कळले नव्हते. "आत किंचित हिरवी झाक आहे." तांबड्यात हिरवे कसे असेल? मला तो आजीचा भास वाटला. ज्या दिवशी मी दुसरा धागा भिंगाखाली धरला, त्या दिवशी त्या वाक्यापुढे माझी मान लवली. काठातला उभा धागा तांबडा होता, चांगला स्वच्छ मरून. पण त्याला छेदणारा आडवा धागा हिरवा होता!

याचे कारण मागावर आहे. विणकराच्या हातातल्या धोट्यात आडवा धागा असतो, आणि एकच धोटा असेल तर तो या काठापासून त्या काठापर्यंत एकाच रंगाचा धागा नेतो. उभे धागे मात्र आधीच ताणलेले असतात. काठापुरते तांबडे आणि अंगापुरते हिरवे. त्यामुळे अंगात हिरव्यावर हिरवा पडतो आणि काठात तांबड्यावर हिरवा. तांबडे धागे दाट असल्यामुळे काठ तांबडाच दिसतो, पण प्रत्येक उभ्या धाग्याच्या फटीतून हिरवा डोकावत असतो, आणि तो तांबड्याचा भडकपणा मारून त्याला किंचित तपकिरी करतो. काठ आतून बाहेरून एकाच रंगाचा करायचा तर काठासाठी वेगळे धोटे लागतात, आणि मग श्रमही वाढतात आणि किंमतही. आमचे लुगडे एका धोट्याचे होते. आजीने भिंग न लावता ते ओळखले होते.

यातून एक शहाणपण निघते. "एक धागा पाठवून दिला असता तर काम झाले असते," असे मीही मामाला म्हणून बसले होते. पण दशांतला तांबडा धागा एकटा पाठवला असता तर शिंप्याने स्वच्छ मरून कापड काढले असते आणि ते काठाशेजारी उघडे पडले असते. असल्या काठाचा रंग कोणत्याही एका धाग्यात नसतो. तो दोन धाग्यांच्या विणीत असतो. पाठवायचा तर विणलेला तुकडाच पाठवला पाहिजे. निऱ्यांच्या आत खोचले जाणारे टोक असते तिथून अंगठ्याएवढा काठ कापला तर लुगड्याला काही होत नाही. आजीला मात्र एकुलत्या एका लुगड्याला कात्री लावणे सुचले नसणार.

तुकडा हाती असला तरी डोळा फसतो, आणि ते कळायला पॅरिसच्या एका रंगशाळेपर्यंत जावे लागते. शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून गोबलँच्या प्रसिद्ध विणकामशाळेतल्या रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्या कापडातल्या छायेला त्याने जोर येत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तो काळा इतर ठिकाणच्या काळ्यांशी ताडून पाहिला. रंगात काहीच खोट निघाली नाही. खोट शेजाऱ्यात होती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी बसला की तोच काळा डोळ्याला फिका दिसे. एक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो, हे त्याने पुष्कळ प्रयोग करून मांडले, आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ काढला.

आपल्या लुगड्यात हेच होते. हिरव्या अंगाशेजारी तांबडा काठ आहे त्याहून अधिक तांबडा दिसतो. तोच तांबडा पोलक्याच्या रूपाने दंडावर, गव्हाळ कातडीशेजारी गेला की मंद वाटतो. म्हणजे विणीतला हिरवा काठाला मंद करतो आणि शेजारचा हिरवा त्याला उजळवतो. दोन्ही एकाच वेळी चालू असते, आणि पाहणारी बाई म्हणते, रंग काही डोळ्यांत ठरत नाही बाई! यावर उपाय सोपा आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदाला दोन बोटांएवढी खिडकी पाडायची. ती काठावर ठेवली की हिरवे झाकले जाते आणि काठ तेवढा दिसतो. तशीच दुसरी खिडकी पोलक्याच्या कापडावर ठेवून दोन्ही शेजारी धरायच्या. मग शेजाऱ्यांची लुडबुड थांबते.

आणि शेवटची सूचना कंदिलाची. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो. जांभळ्या कापडातले निळे दाखवायला उजेडातच निळे नसेल, तर ते कापड आपला निळेपणा लपवून बसते आणि त्यातला तांबडा तेवढा पुढे येतो. म्हणून शिंप्याला वांगी रंगाचे कापड संध्याकाळी काळसर तांबडे दिसले. सकाळी अंगणात त्याने आपले खरे रूप दाखवले. आजीची सूचना पाळली असती, तर शब्दाच्या चुकीतूनही निभावले असते, कारण दारातल्या उजेडात त्या कापडातले जांभळे शिंप्याने पाहिले असते. पण मुलाला सकाळच्या मोटारीने परत धाडायचे होते, आणि लग्नाला पाच दिवस उरले होते.

आमच्या भाचीचे लग्न या मार्गशीर्षात आहे आणि तिला पणजीचे हे लुगडे नेसायचे आहे. तेव्हा हे सारे ज्ञान मला बाजारात नेऊन पारखावे लागले. भाचीने पहिल्यांदा मोबाइलवर काठाचा फोटो काढून शिलाईवाल्या बाईंना धाडला. खिडकीपाशी काढलेल्या फोटोत काठ विटकरी आला आणि दिव्याखाली काढलेल्यात राणी रंगाकडे गेला. उजेड पाहून कॅमेरा स्वतःच रंग सावरतो, आणि पाहणाऱ्याच्या मोबाइलचा पडदा त्यात आपली भर घालतो. मग आतल्या टोकाचा अंगठ्याएवढा तुकडा कापला, पांढऱ्या पुठ्ठ्याला टाचला आणि मॅचिंगच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने टू बाय टू रुबियाचे मरून जातीचे अकरा ठाण गल्ल्यावर मांडले. कागदाची खिडकी ठेवून पाहिले तेव्हा आठ आपोआप बाजूला झाले. काहींत निळे होते, काहींत नारिंगी. उरलेले तीन घेऊन आम्ही दुकानाच्या पायरीवर आलो. थेट उन्हात नव्हे, तर सावलीतल्या उजेडात. तिथे दोन काठाशी जवळजवळ एक झाले. पण तेच दोन आतल्या पिवळ्या दिव्याखाली नेले, तर एक काठाबरोबर राहिला आणि दुसरा विटेसारखा झाला. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडे एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात, म्हणून दोन उजेडांत पाहिल्याशिवाय कापड फाडू देऊ नये. दोन्ही उजेडांत टिकणारे मिळाले नाही, तर ज्या उजेडात नेसायचे तो धरावा. आजीचे लग्नकार्य सकाळच्या मांडवातले होते, म्हणून तिची सकाळ बरोबर. भाचीचे संध्याकाळचे, दिव्यांच्या सभागृहातले आहे. आम्ही दिव्याखाली टिकलेला ठाण घेतला.

तरीही तो तंतोतंत जुळला असे म्हणणार नाही. कृत्रिम रेशमाच्या काठाला झळाळी आहे, ती सुती रुबियाला येत नाही. काठ हलला की चमकतो आणि पोलके जिथल्या तिथे राहते. कापड पातळ असल्याने अस्तराचा रंगही वर उमटतो. पांढऱ्या अस्तरावर ते अर्ध्या छटेने उजळले, म्हणून तपकिरी अस्तर घातले, आणि विणीतल्या हिरव्याने केलेला मंदपणा असा खालून भरून काढला. दोन हात अंतरावरून फरक कळत नाही. लग्नात त्याहून जवळ येऊन कोण पाहणार?

शिलाईवाल्या बाईंना द्यायची चिठ्ठी मीच लिहिली. तुकडा टाचला होता, कापड घेतलेले होते, तेव्हा रंगाविषयी लिहायचे काही कारण नव्हते. तरी मी आजीचे राहिलेले वाक्य पुरे केले. "काठ जुन्या आलवणाच्या रंगाजवळचा आहे," असे लिहिले. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि विचारले, "मॅडम, हे आलवण म्हणजे काय हो?" मी म्हटले, "काही नाही, जुना शब्द आहे. तुम्ही तुकडा पाहा."

आणि आजीचे ते वांगी पोलके? लग्नात तिने तेच घातले. दुसरे शिवायला वेळ नव्हता. मामाकडे त्या लग्नाचा एक फोटो आहे. मावशी बाशिंग बांधून बसली आहे आणि मागे आजी उभी आहे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पोलक्याची एकच बाही दिसेल असा. फोटो काळा-पांढरा आहे. काठ आणि बाही दोन्ही त्यात एकाच गडद छटेची आली आहेत. मामाने तो फोटो माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "बघ, इथं मात्र जुळलं."